दोन दिवस झाले, दोघंही गप्प: पहिला मेसेज असा करा

रविवारी भेटलात, भेट छान झाली, आणि आज मंगळवारची संध्याकाळ आहे. त्या बाजूनं मेसेज नाही, या बाजूनंही नाही. काळजी करू नका, हे काम पाऊण तासाचं आहे. फोन, एक कोरा कागद आणि पेन घेऊन टेबलाशी बसा. मी सांगते त्या क्रमानंच चला, मधली पायरी गाळू नका.

समजायला सोपं जावं म्हणून एक जोडी सोबत घेऊ. तो नांदेडचा, ती लातूरची, बँकेत नोकरीला. रविवारी तो एसटीनं लातूरला आला. दोघांनी निलंगा राईस खाल्ला, गंजगोलाईत फिरले आणि गोलाईला मिळणाऱ्या सोळा रस्त्यांपैकी आपण आत आलो तो रस्ता कोणता, हेच दोघांना सापडेना. हसत हसत तीन चकरा झाल्या. स्टँडवर निरोप घेताना तो म्हणाला, "पोचलो की सांगतो." त्यानंतर आजपर्यंत सगळं शांत.

१. भेट खरंच छान झाली होती का, ते दोन खुणांवरून तपासा.
पहिली खूण म्हणजे समोरची व्यक्ती ठरल्यापेक्षा जास्त वेळ थांबली का. दुसरी, "पुढच्या वेळी" असा काही विषय तिनं किंवा त्यानं स्वतःहून काढला का. दोन्हींपैकी एक जरी असेल तरी पुढे चला. आपल्या जोडीत ती तासभरासाठी आली होती आणि बस सुटेपर्यंत थांबली. एवढं पुरे.
सांभाळा: "या पुन्हा लातूरला" हे वाक्य खूण म्हणून धरू नका. आपल्याकडे ते दारात आलेल्या प्रत्येकाला म्हणतात.

२. ही भेट कोणी घडवून आणली, ते आठवा.
तुम्ही दोघांनीच ठरवली असेल तर थेट तिसऱ्या पायरीवर या. पण मावशीनं बायोडाटा पाठवला, मग घरच्यांनी नंबर दिले आणि "एकदा बोलून घ्या" असं सांगितलं, अशी ती भेट असेल, तर मावशी दोन दिवसांपासून दोन्ही घरांच्या उत्तराची वाट बघत असणार. आधी तिला एवढंच कळवा: "आमचं बोलणं चांगलं झालं, अजून एकदा भेटायचंय." मग पुढे या.
सांभाळा: मावशीकडून "तिकडचं काय म्हणणं आहे" हे काढून घेऊ नका. त्या प्रश्नाचा अर्थ तिकडे पोचेपर्यंत "मुलाचा होकार आहे" असा होतो, आणि मग दोघांना मोकळेपणानं दुसऱ्यांदा भेटताच येत नाही.

३. निरोप घेताना कोणी काय कबूल केलं होतं, ते कागदावर लिहा.
या शांततेची उकल बहुतेक वेळा इथेच सापडते. नांदेड ते लातूर लोहा-अहमदपूरवरून एसटीनं जायचं म्हटलं तरी तीन तास जातात. एवढा प्रवास करून जो जातो, त्यानं पोचल्याचं कळवायचं असतं, ही आपल्याकडची साधी रीत. आपल्या जोडीतला तो रात्री घरी पोचला, फोनची बॅटरी संपलेली, सकाळी कामावर गेला आणि कळवायचं राहिलं. दुपारी आठवलं, तर वाटलं की आता फार उशीर झाला. तिकडे तिनं विचार केला की सांगतो म्हणाला होता आणि सांगितलं नाही, म्हणजे नको असेल. दोघांच्याही मनात काही वाईट नाही, आणि तरी दोघंही गप्प आहेत.
म्हणून नियम असा लावा. प्रवास तुम्ही केला असेल, तर पहिला मेसेज तुमचाच. तुम्ही यजमान असाल, तर "नीट पोचलास ना?" हा प्रश्न तुमच्या हक्काचा आहे, दोन दिवसांनीही. दोघं एकाच गावात असाल, तर ज्याला ही पायरी वाचताना आठवण झाली त्यानं करावा.
सांभाळा: "मुलीनं आधी मेसेज करायचा नसतो" असं कोणी सांगत असेल तर ऐकून सोडून द्या. पोचल्याची चौकशी मुलीनं केली म्हणून कोणाचं काही बिघडत नाही.

४. फोनमधल्या खुणा बघणं आत्ता, या क्षणी थांबवा.
शेवटचं कधी ऑनलाइन, स्टेटस कोणी पाहिलं, डीपी का बदलला, यातून काहीही कळत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर ही शेवटची वेळ लपवता येते, वाचल्याच्या निळ्या खुणाही बंद ठेवता येतात, आणि घरात एक फोन तिघं हाताळत असतील तर ऑनलाइन कोण आहे हे तुम्हाला कसं कळणार?
सांभाळा: उत्तर मिळावं म्हणून स्वतःच्या स्टेटसवर उदास गाणं टाकू नका. ते नेमकी ती व्यक्ती सोडून सगळे पाहतात आणि सकाळी चुलतभाऊ विचारतो, "काय झालं रे?"

५. भेटीतल्या तीन गोष्टी लिहा आणि त्यातली एकच ठेवा.
ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे, म्हणून इथे दहा मिनिटं द्या. ठेवायची गोष्ट अशी हवी की ती तुम्हा दोघांनाच माहीत आहे आणि तिच्यावर सहज काही बोलता येतं. आपल्या जोडीच्या कागदावर आलं: निलंगा राईस, गोलाईतला हरवलेला रस्ता, आणि सोमवारी तिच्या बँकेत ऑडिट होतं ते. पहिली गोष्ट चांगली आहे, पण लातूरला आलेला कोणीही निलंगा राईस खातो. रस्ता मात्र फक्त या दोघांचा आहे. तो ठेवू. ऑडिट वेगळं काढून ठेवू, ते सातव्या पायरीत लागेल.
सांभाळा: दिसण्याबद्दलची, कपड्यांबद्दलची गोष्ट निवडू नका. समोर बसून म्हटलेलं "हा रंग छान दिसतो" गोड लागतं. तेच दोन दिवसांच्या शांततेनंतर फोनवर आलं तर त्याला काय उत्तर द्यायचं हे कोणालाच सुचत नाही.

६. निघताना "तू" होतं की "तुम्ही", ते नक्की करा.
भेट "तुम्ही"नं सुरू झाली आणि गोलाईच्या तिसऱ्या चकरेत "तू"वर आली असेल, तर मेसेज "तू"नंच. शेवटपर्यंत "तुम्ही" असेल, तर "तुम्ही" ठेवा. आणि तुम्ही एकमेकांशी मराठवाडी बोललात, "काय करायलीस", "लई", असं, तर मेसेजही तसाच लिहा. ती रोमन अक्षरांत लिहीत असेल तर तुम्हीही तशीच अक्षरं वापरली तर बरं.
सांभाळा: जवळीक दाखवायला "तुम्ही"वरून एकदम "तू"वर उडी मारू नका, आणि आदर दाखवायला "तू"वरून "तुम्ही"वर परत जाऊ नका. दुसरी चूक जास्त लागते. वाचणाऱ्याला वाटतं, दार लावून घेतलं.

७. मेसेज आधी कागदावर लिहा, चार छोट्या वाक्यांत.
पहिलं वाक्य राहिलेल्या निरोपाचं. दुसरं, पाचव्या पायरीत ठेवलेल्या गोष्टीचं. तिसरं, भेट आवडली हे साध्या शब्दांत. चौथं, एका ओळीत उत्तर देता येईल असा प्रश्न. हा प्रश्न तिच्या किंवा त्याच्या आयुष्यातला हवा, तुमच्या नात्याबद्दलचा नको. ऑडिट इथे कामाला येतं.

त्यानं लिहायचं तर असं:

"रविवारी नीट पोचलो होतो, सांगायचं राहून गेलं बघ. गोलाईतला आपला रस्ता अजून शोधायलोय, सोळा मोजताना बाराला चुकतो. रविवारी लई मजा आली. तुझं ऑडिट आटोपलं का?"

तिनं लिहायचं तर असं:

"त्या दिवशी नीट पोचलास ना, विचारायचं राहूनच गेलं. काल गोलाईत गेले होते, तर आपण चुकलो ते आठवून एकटीच हसायलेय. छान वाटलं रविवारी. राईस घरी करून बघणार होतास, केलास का?"

बघा, दोन्हींत कुठेही "का केला नाहीस मेसेज" नाही. लांबलचक माफी नाही. "आठवण येते" नाही, कारण एका भेटीनंतर हा शब्द जड होतो. आणि उत्तर देणाऱ्याला करायला सोपं काम आहे: "हो, आटोपलं एकदाचं" एवढं लिहिलं तरी बोलणं सुरू झालं.

सांभाळा: नुसतं "हाय" पाठवू नका. "जेवलीस का?" हेही पहिल्या मेसेजात नको. त्यावर "हो" येतं आणि तुम्ही पुन्हा जिथे होता तिथेच. गुलाबाचं चित्र, सुविचार, रील, यांचंही तेच. ते पन्नास जणांना जातात हे घेणाऱ्याला माहीत असतं.

८. आता तो मेसेज घरातल्या मोठ्या माणसाच्या नजरेनं एकदा वाचा.
आपल्या गावांत ही पायरी चुकवून चालत नाही. फोन चार्जिंगला हॉलमध्ये असतो, स्क्रीन उजळते आणि पहिल्या दोन ओळी शेजारी बसलेल्या आईला, वहिनीला किंवा खोलीतल्या मैत्रिणीला दिसतात. तुमच्या मेसेजच्या पहिल्या दोन ओळी कोणी पाहिल्या तरी समोरच्याला घरात उत्तरं द्यावी लागू नयेत. "रविवारी नीट पोचलो होतो, सांगायचं राहून गेलं" ही ओळ कोणीही वाचली तरी चालते. म्हणूनच "मजा आली" हे वाक्य तिसरं ठेवलंय, पहिलं नाही. भेटीचं घरी अजून सांगितलेलं नाही असं तुम्हाला माहीत असेल, तर "रविवारी" हा शब्दही काढा. तिला कळतं कोणता दिवस.
सांभाळा: आवाजी मेसेज नको. मोठ्या कुटुंबात तो ऐकायला कोपरा शोधावा लागतो, आणि कोपरा मिळेपर्यंत तो तसाच पडून राहतो. तुम्हाला मात्र वाटतं, दुर्लक्ष केलं.

९. वेळ निवडा: रात्री साडेआठ ते साडेनऊ.
दुकान, बँक, क्लास सुटलेले असतात, जेवण होत आलेलं असतं आणि झोपायला वेळ असतो. ती व्यक्ती लातूरच्या क्लासेसमध्ये शिकवत असेल, तर तिची शेवटची बॅच कधी सुटते ते आठवा आणि त्यानंतर अर्धा तास सोडा.
सांभाळा: अकरानंतर अजिबात नको. तोच मजकूर रात्री अकरा चाळीसला वेगळा वाचला जातो, आणि त्या वेळी फोन वाजला तर घरात चार जण मान वर करून बघतात.

१०. कागदावरचा मेसेज फोनमध्ये उतरवा, नाव तपासा आणि पाठवा.
एकदाच, एकाच तुकड्यात. चार वाक्यं चार मेसेजांत पाठवली तर फोन चारदा वाजतो. नाव तपासा म्हणते ते उगाच नाही, एकाच नावाचे दोन नंबर सगळ्यांच्याच फोनमध्ये असतात.
सांभाळा: पाठवल्यावर धास्तावून पुसून टाकू नका. पुसल्याची नोंद तिथे राहते, आणि "काय पुसलं असेल?" हा प्रश्न मूळ मेसेजपेक्षा वाईट. शब्द चुकला असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर पंधरा मिनिटांच्या आत दुरुस्त करता येतो, तेवढंच करा.

११. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि उद्या रात्रीपर्यंत दुसरी कोणतीही वाट धरू नका.
एक खूण दिसली म्हणजे मेसेज अजून त्या फोनवर पोचलेलाच नाही. दोन राखाडी म्हणजे पोचला. निळ्या झाल्या म्हणजे उघडला, एवढंच, उत्तर सुचलं असा त्याचा अर्थ नाही. पुष्कळ माणसं असा मेसेज उघडतात, खूश होतात आणि नीट उत्तर द्यायचं म्हणून दुसऱ्या दिवसावर ठेवतात.
सांभाळा: या काळात फोन करू नका, मित्राच्या नंबरवरून विचारू नका, इन्स्टाग्रामवर जुने फोटो लाइक करत बसू नका. आणि "सहज इकडून चाललो होतो" म्हणून बँकेसमोर, हॉस्टेलसमोर किंवा क्लाससमोर उभं तर मुळीच राहू नका. तुम्हाला ते प्रेम वाटेल, समोरच्याला भीती वाटते, आणि आजूबाजूच्या लोकांच्या बोलण्याला ती व्यक्ती तोंड देते, तुम्ही नाही.

१२. उत्तर आलं की त्यात प्रश्न आहे का ते बघा.
आपल्या जोडीत रात्री दहाला तिचं उत्तर आलं: "हो रे, आटोपलं एकदाचं. मला वाटलं विसरलास. रस्ता मला सापडलाय पण सांगणार नाही. तुझं काय चालू?" इथे प्रश्न आहे, चिडवणं आहे, आणि मनातलं एक खरं वाक्यही आहे. त्या खऱ्या वाक्याला आधी उत्तर द्या: "विसरलो नव्हतो, उशीर झाला म्हणून संकोच वाटला." मग बाकीचं.
उत्तर नुसतं "हो, झालं" असं असेल तर घाबरायचं कारण नाही. काही माणसं लिहायला कंजूष आणि बोलायला मोकळी असतात. अशा वेळी आज अजून एक साधी ओळ लिहा आणि थांबा. उद्या किंवा परवा तिकडून आपणहून काही आलं, तर तेराव्या पायरीवर चला.
सांभाळा: "थोडी गडबडीत आहे, नंतर बोलते" असं आलं तर "बरं, निवांत" एवढंच लिहा. आता बोलावणं तिकडून यायचंय.

१३. बोलणं रंगात असतानाच पुढची भेट सुचवा, दिवस आणि जागा सांगून.
"भेटू कधीतरी" हे आपल्याकडे निरोपाचं वाक्य आहे, बोलावण्याचं नाही. त्यानं असं लिहावं: "पुढच्या रविवारी मी लातूरला येऊ का? दुपारी बाराला, तो रस्ता दाखव, पाचच्या बसनं परत जातो." यात दिवस आहे, वेळ आहे, करायचं काय ते आहे आणि संपायची वेळ आहे. संपायची वेळ सांगितली की घरी काय सांगायचं ते समोरच्याला ठरवता येतं.
दुसऱ्या वेळीही त्यानंच प्रवास का करावा, असं वाटेल. न्यायानं बघितलं तर आता तिची पाळी, आणि एसटीत महिलांना अर्धं तिकीटही आहे. पण जाऊन-येऊन सहा-सात तास घरातून बाहेर राहणं तिला त्याच्याइतकं सोपं नसतं. म्हणून तिनं आपणहून "मी येते" म्हटलं तर आनंदानं हो म्हणा, आणि भेट दुपारची ठेवा, म्हणजे परतीची बस उजेडात मिळेल. तिनं म्हटलं नाही, तर मागू नका.
सांभाळा: "दोघांनाही सोयीचं, मधेच भेटू" म्हणून अहमदपूर किंवा लोहा सुचवू नका. अंतर निम्मं होतं, पण लहान गावात अनोळखी जोडी लगेच उठून दिसते. माळेगावच्या यात्रेतही नको. तिथे गर्दीत लपू असं वाटतं, आणि दोन्हीकडचे पाहुणे नेमके तिथेच भेटतात. दुसरी भेट मोठ्या गावातल्या, उघड्यावरच्या, माणसं असलेल्या जागीच बरी.

१४. उत्तर आलंच नाही, तर चौथ्या दिवशी एकच मेसेज करा आणि तिथे थांबा.
मजकूर असा: "गडबडीत असशील. पुन्हा भेटायला मला आवडलं असतं. तुला नको वाटत असेल तरी चालेल, मनात काही ठेवणार नाही." यानंतर काही लिहायचं नाही. यात प्रश्नचिन्ह मुद्दाम नाही, कारण उत्तराची सक्ती नको. मेसेज एकाच खुणेवर अडकला असेल तर फोन बंद असेल, नंबर बदलला असेल किंवा तुम्हाला ब्लॉक केलं असेल. तिन्ही शक्यतांत तुम्ही करायचं काम एकच, शांत बसायचं.
सांभाळा: "नको" असं स्पष्ट आलं, तर "बरं, कळवलंस ते चांगलं केलंस" एवढं लिहून संपवा. नको म्हटल्यावरही मुलीला पुन्हा पुन्हा संपर्क करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. नवा नंबर घेऊन, नवं अकाउंट काढून केलेला संपर्कही त्यातच मोडतो.

घड्याळ बघा. साडेआठ व्हायला अजून वेळ असेल तर पाचवी पायरी पुन्हा एकदा नीट करा. वाजले असतील, तर कागद समोर आहेच, टाइप करा आणि पाठवा.